नवीन रजा धोरण वार्तापत्रात छापताना एचआरची भाषा कामगाराच्या भाषेत कशी आणायची

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, काकती, होनगा या पट्ट्यातल्या कारखान्यांत काम करणारी माणसं कुठून कुठून येतात बघा, खानापूर तालुक्यातनं येतात, हुक्केरी-गोकाकाकडनं येतात, आणि चंदगडकडची तर रोज राज्याची हद्द ओलांडून येतात. कुणाचं शिक्षण मराठी शाळेत, कुणाचं कन्नड शाळेत, आणि रजेचं धोरण मात्र येतं इंग्रजीत. मग एचआरमधलं कुणीतरी त्याचं मराठी करून वार्तापत्रात टाकतं आणि ते मराठी इंग्रजीपेक्षा अवघड होऊन बसतं. सध्या लई कंपन्यांत रजेची धोरणं नव्यानं लिहिली जातायत कारण जुन्या फॅक्टरी ॲक्टात भरपगारी रजेसाठी वर्षात २४० दिवस काम भरावं लागायचं आणि २०२० च्या नवीन लेबर कोडात तो आकडा १८० आहे. एवढा मोठा बदल कामगाराच्या फायद्याचा, आणि तो त्याला कळतच नाही, हे मला खटकतं. म्हणून हा लेख त्या एकाच परिच्छेदावर, भरपगारी रजेच्या. किरकोळ रजा, आजारपणाची रजा वगैरेला हीच पद्धत लावता येते, पण सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो.

समजा धोरणातला परिच्छेद हा असा आहे. मी नमुना म्हणून लिहिलाय, पण तुमच्या फाईलमध्येही साधारण असलंच काहीतरी सापडेल:

> पात्र कर्मचाऱ्यांना मागील कॅलेंडर वर्षातील प्रत्यक्ष उपस्थितीच्या प्रमाणात १:२० या दराने अर्जित रजा अनुज्ञेय राहील. किमान उपस्थिती १८० दिवस आवश्यक असून त्यात डीम्ड अटेंडन्स समाविष्ट राहील. कमाल संचय ३० दिवस. त्यावरील शिल्लक एन्कॅशमेंटसाठी पात्र राहील. पूर्वमंजुरीविना अनुपस्थिती एलओपी म्हणून गणण्यात येईल व सँडविच नियम लागू राहील.

आधी शब्द वेचून काढा, पण फक्त धोरणातनं नको

पहिलं काम, हा परिच्छेद प्रिंट काढायचा आणि ज्या शब्दाशी मशीनवरचा माणूस अडेल त्याखाली रेघ मारायची. पात्र, अनुज्ञेय, अर्जित, डीम्ड अटेंडन्स, संचय, एन्कॅशमेंट, पूर्वमंजुरी, एलओपी, सँडविच. मग तो कागद घेऊन टाईम ऑफिसला जायचं आणि तिथं या गोष्टींना काय म्हणतात ते ऐकायचं. तिथं एलओपीला कुणी एलओपी म्हणत नाही, "खाडा पडला" म्हणतात, "पगार कापला" म्हणतात. एन्कॅशमेंटला "रजेचे पैसे". अर्जित रजेला कुणी "पगारी रजा" म्हणतं, कुणी "पीएल". हे शब्द लिहून घ्या, तुमचं अर्धं काम तिथंच होतं, कारण बदलीचा शब्द आपल्याला बनवायचा नसतो, तो आधीच बोलला जात असतो.

आता तिसरी जागा, पगाराची स्लिप आणि हजेरीचं ॲप. ही जागा बहुतेक लोक विसरतात. स्लिपवर `EL`, `LOP`, `BAL` असं छापलेलं असतं आणि सॉफ्टवेअर काय वार्तापत्रासाठी बदलणार नाही. मग वार्तापत्रात नुसतं "पगारी रजा" लिहिलं तर माणसाला वाचताना सगळं कळतं, पण महिन्याच्या शेवटी स्लिप हातात घेतल्यावर त्या `EL` चा आणि वाचलेल्या गोष्टीचा संबंध लागत नाही. म्हणून वेचलेल्या शब्दांचे तीन गठ्ठे करायचे. जे शब्द फक्त धोरणात आहेत आणि कामगाराला परत कुठंच दिसणार नाहीत, जसं अनुज्ञेय, संचय, पात्र, ते सरळ काढून टाकायचे. जे स्लिपवर किंवा ॲपमध्ये दिसणार आहेत ते ठेवायचे, पण पहिल्यांदा येतील तिथंच साध्या शब्दाशी जोडायचे: "पगारी रजा, स्लिपवर `EL` लिहिलेली". आणि तिसरा गठ्ठा सगळ्यात महत्त्वाचा, ज्या शब्दांचा नेमका अर्थ आपल्यालाच माहीत नाही ते. डीम्ड अटेंडन्स आणि सँडविच तिथं जातात.

अजून एक. इंग्रजी शब्द काढून त्या जागी सरकारी मराठी घातलं म्हणजे भाषा सोपी झाली असं होत नाही. "एन्कॅशमेंट" खोडून "रजा रोखीकरण" लिहिलं तर आधी निदान दहा जणांना कळत होतं ते आता चार जणांना कळेल. "एलओपी" च्या जागी "विनावेतन अनुपस्थिती" हेही तसंच. सुपरवायझर, शिफ्ट, पंचिंग, ओव्हरटाईम हे शब्द आपल्याकडे घरात बोलले जातात, त्यांना हात लावू नका.

तिसरा गठ्ठा घेऊन एचआरकडे जा

इथं जरा वेळ द्या, घाई करू नका. अवघड शब्दाच्या मागं बऱ्याचदा एक न सुटलेला प्रश्न लपलेला असतो, धोरण लिहिणाऱ्यानं तो सोडवलेलाच नसतो, आणि साधं लिहायला बसलं की तो उघडा पडतो. म्हणून एचआरला "या शब्दाचा अर्थ काय" असं विचारू नका, अर्थ म्हणून तुम्हाला दुसरा तसाच शब्द मिळेल. एक माणूस उभा करून विचारा.

डीम्ड अटेंडन्ससाठी असं विचारा: एका बाईनं वर्षात १७२ दिवस प्रत्यक्ष काम केलं, आणि आधीच्या शिल्लकीतली १० दिवस पगारी रजा घेतली. तिचे १८० भरले का? कायदा इथं स्पष्ट आहे. घेतलेली पगारी रजा, बाळंतपणाची रजा, आणि कंपनीनं ले-ऑफ दिला असेल ते दिवस, हे किमान दिवस भरले का ते बघताना धरायचे, पण त्या दिवसांवर नवीन रजा मिळत नाही. म्हणजे बाईंचे १७२ आणि १० मिळून १८२ झाले, अट पूर्ण. रजा मात्र १७२ वरच काढायची, १७२ भागिले २० म्हणजे ८.६, अर्धा किंवा त्याहून जास्त असेल तर पुढचा पूर्ण दिवस धरायचा, म्हणून ९ दिवस. हे उत्तर एचआरकडनं लेखी घ्या. रविवार या १८० मध्ये धरत नाहीत हेही त्याच वेळी वदवून घ्या, कारण "मी जानेवारी ते जून सहा महिने कामावर होतो, १८० झाले की" असं म्हणणारा माणूस प्रत्येक खात्यात असतो आणि त्याची चूक नसते, दिवस म्हणजे कुठला दिवस हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

सँडविचसाठी असं विचारा: एकानं शनिवारी आणि सोमवारी मंजूर पगारी रजा घेतली, मधला रविवार साप्ताहिक सुट्टी. त्याच्या खात्यातनं दोन दिवस कापणार की तीन? सँडविच म्हणजे मधली सुट्टीही रजेत धरायची, म्हणून धोरणातलं वाक्य वाचलं तर तीन असं वाटतं. पण जुन्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम ७९ सारखंच नवीन लेबर कोडातही भरपगारी रजेत मध्ये किंवा आजूबाजूला येणारी सुट्टी रजेत धरायची नाही असं आहे, म्हणून पगारी रजेपुरतं उत्तर दोनच. मग सँडविच कशाला लागतो? न सांगता मारलेल्या खाड्याला लावायचा असा कंपनीचा विचार असेल, तर तसं त्यांनी ठरवावं, वकिलाला दाखवावं आणि तेवढंच लिहावं. साधं लिहायला बसल्यामुळं धोरणातली चूक छापायच्या आधी सापडते ती अशी, आणि एचआरलाही ते हवंच असतं, नंतर युनियनकडनं कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

अजून एक प्रश्न जो धोरणात कुठंच नाही पण मशीनवर पहिला येतो: मी अर्ज केला, सुपरवायझरनं ऑर्डर आहे म्हणून नाकारला, आणि वर्ष संपलं. माझी रजा गेली का? जुन्या फॅक्टरी ॲक्टसारखंच नवीन लेबर कोडातही वेळेत मागून नाकारलेली रजा ३० दिवसांच्या मर्यादेत धरत नाहीत, ती पुढं जाते. तुमची कंपनी ते कसं नोंदवणार, अर्ज किती दिवस आधी द्यायचा, नाकारलेल्या अर्जाची पोच देणार का, हे विचारून घ्या. पोच नसेल तर हा हक्क कागदावरच राहील.

आता लिहायला बसा

लिहिताना एकच गोष्ट धरून ठेवायची, प्रत्येक वाक्यात करणारा माणूस दिसला पाहिजे. "रजा अनुज्ञेय राहील" यात कुणी कुणाला काय दिलं? कुणीच नाही. "तुम्हाला रजा मिळते", "कंपनी पैसे देते", "सुपरवायझर सही करतो" असं लिहा. वाचणाऱ्याला "तुम्ही" म्हणा. "कर्मचाऱ्याने" असं तिसऱ्या माणसाबद्दल लिहिलं की वाचणारा समजतो हे दुसऱ्या कुणासाठी आहे, ऑफिसवाल्यांसाठी असेल.

क्रमही बदला. धोरण पात्रतेपासनं सुरू होतं कारण वकिलाला ते आधी लागतं. कामगाराला आधी लागतं किती मिळणार, मग कधी आणि कुणाला सांगायचं, मग उरलं तर काय, आणि शेवटी कुणाला मिळत नाही. त्या क्रमानं लिहिलं तर हा परिच्छेद असा होतो:

> पगारी रजा (स्लिपवर `EL`)
>
> मागच्या वर्षी तुम्ही जेवढे दिवस कामावर आला, त्यातल्या दर २० दिवसांमागं यंदा तुम्हाला १ दिवस पगारी रजा मिळते. म्हणजे रजेच्या दिवशीचाही पगार मिळतो.
>
> रजा हवी असेल तर १५ दिवस आधी सुपरवायझरकडं अर्ज द्या आणि पोच घ्या. अचानक आजारी पडलात तर त्याच दिवशी फोन करून कळवा, अर्ज नंतर दिला तरी चालतो. रजेच्या मध्ये रविवार किंवा सणाची सुट्टी आली तर ती तुमच्या रजेतनं कापत नाही.
>
> वर्षाच्या शेवटी रजा उरली तर ३० दिवसांपर्यंतची पुढच्या वर्षात जाते. ३० च्या वर जी उरेल तिचे पैसे तुम्हाला मिळतात. तुम्ही वेळेत मागितलेली आणि कंपनीनं नाकारलेली रजा या ३० मध्ये धरत नाही, ती वेगळी पुढं जाते.
>
> ही रजा मिळायला मागच्या वर्षी निदान १८० दिवस भरलेले पाहिजेत. आधी २४० लागायचे. रविवार यात धरत नाही. घेतलेली पगारी रजा, बाळंतपणाची रजा आणि कंपनीनं काम नाही म्हणून घरी बसवलेले दिवस १८० भरायला धरतो, पण त्या दिवसांवर नवीन रजा मिळत नाही.
>
> न कळवता राहिलात तर त्या दिवसाचा पगार कापला जातो. स्लिपवर तो `LOP` या रकान्यात दिसतो.

मूळ परिच्छेदापेक्षा हा चांगलाच लांब झालाय. होऊ द्या. वार्तापत्राचा संपादक म्हणेल जागा नाही, तेव्हा एमडींचा फोटो लहान करा पण यातलं वाक्य कापू नका, कारण छोटं करायच्या नादातच "संचय" आणि "पात्र" असले शब्द परत शिरतात, त्या एका शब्दात चार वाक्यांचा मजकूर कोंबलेला असतो.

एका गोष्टीची काळजी घ्या. एका गोष्टीला एकच शब्द, पहिल्यापासनं शेवटपर्यंत. शाळेत आपल्याला शिकवलंय की तोच शब्द परत परत आला की बरं दिसत नाही, पण इथं पहिल्या ओळीत "पगारी रजा", तिसऱ्या ओळीत "हक्काची रजा" आणि पाचव्या ओळीत "भरपगारी सुट्टी" लिहिलंत तर वाचणारा तीन वेगळ्या रजा समजतो आणि तिन्ही मागायला येतो. "रजा" आणि "सुट्टी" यांचंही तसंच. माणूस एकटा मागून घेतो ती रजा, सगळ्यांना मिळते ती सुट्टी, हे वार्तापत्रात तरी पक्कं पाळा. आपल्या भागात हे जास्तच सांभाळावं लागतं कारण कन्नडमध्ये दोन्हीला "रजे" म्हणतात आणि मिसळून बोलणाऱ्या माणसाच्या डोक्यात ते एकच असतं.

हिशोब करून दाखवा

नियम वाचून समजला असं वाटतं, आकडा घातला की खरं कळतं. म्हणून परिच्छेदाच्या खाली एक उदाहरण द्या, आणि आकडे तुमच्या कारखान्यातल्या माणसासारखे घ्या. मी असं लिहीन:

> एक ऑपरेटर मागच्या वर्षी २६२ दिवस कामावर होता. २६२ ला २० नं भागलं की १३.१ येतात. अर्ध्यापेक्षा कमी तुकडा सोडून देतो, म्हणून १३ दिवस. आधीची शिल्लक २१. म्हणजे यंदा त्याच्या खात्यात ३४ दिवस.
>
> त्यानं भात लावणीला ४ आणि गावच्या यात्रेला २ असे ६ दिवस घेतले. वर्षाच्या शेवटी २८ उरले. ३० च्या आत आहेत म्हणून सगळे पुढच्या वर्षात गेले.
>
> त्यानं फक्त यात्रेचे २ च घेतले असते तर ३२ उरले असते. ३० पुढं गेले असते आणि २ दिवसांचे पैसे मिळाले असते. त्याचा एका दिवसाचा पगार ६२० रुपये धरला तर १,२४० रुपये.

एकाच माणसाचे दोन हिशोब दाखवले की मर्यादा कुठं लागते ते आपोआप कळतं. "एका दिवसाचा पगार" म्हणजे त्यात बेसिक आणि डीए धरायचं की अजून काही, ते पेरोलवाल्यांकडनं पक्कं करून मगच रुपयांचा आकडा छापा, नाहीतर स्लिपवर वेगळा आकडा आला की टाईम ऑफिसबाहेर रांग लागते. आणि वर ज्या बाईंचं १७२ दिवसांचं उदाहरण दिलं तेही जरूर घाला. जिचे दिवस नेमके काठावर आहेत तिला सगळ्यात जास्त वाटत असतं की आपल्याला काही मिळणार नाही, आणि ती विचारायलाही येत नाही.

चंदगडकडच्या लोकांसाठी एक ओळ वेगळी लागते. त्यांच्या गावात महाराष्ट्राच्या सुट्ट्या चालतात, १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची सुट्टी पोरांच्या शाळेला असते, पण कारखाना कर्नाटकात आहे म्हणून सुट्ट्यांची यादी कर्नाटकाच्या कायद्याप्रमाणं. "सणाची सुट्टी म्हणजे गेटवर लावलेल्या यादीतली सुट्टी" एवढं लिहिलं तरी भागतं.

छापायच्या आधी वाचून घ्या, पण "समजलं का" विचारू नका

"समजलं का" विचारलं की समोरचा हो म्हणतो, साहेबासमोर नाही कोण म्हणणार. त्यापेक्षा कागद वाचायला द्या आणि एक हिशोब घाला: "मावशी, मागच्या वर्षी १९० दिवस भरले तर यंदा किती रजा?" १९० भागिले २० म्हणजे साडेनऊ, म्हणून १०. बरोबर सांगितलं तर परिच्छेद चालतो. ९ सांगितलं तर तुकड्याचा नियम नीट पोचला नाही. "१८० च्या वरचे १० दिवस, मग अर्धा दिवस" असं काही आलं तर तुमचं १८० चं वाक्य चुकीच्या जागी बसलंय, माणूस १८० पासनं पुढं मोजतोय. ही चूक लई सापडते आणि ती वाचणाऱ्याची नसते. मग त्या उदाहरणात "पहिल्या दिवसापासनं मोजायचं" हे शब्द घाला आणि दुसऱ्या माणसाला वाचायला द्या, त्याच माणसाला परत नको, त्याला आता उत्तर माहीत झालेलं असतं.

माणसं वेगवेगळ्या जागची निवडा, मोल्डिंगवरचा एक, कँटीनमधलं कुणी, एक ड्रायव्हर, आणि नुकताच लागलेला एक पोरगा. ऑफिसमधल्या क्लार्कला विचारून उपयोग नाही, त्याला हे शब्द रोज दिसतात. वाचताना ते कुठं थांबतात, कुठली ओळ परत वाचतात तिकडं लक्ष ठेवा आणि त्या जागी खूण करा, तोंडी उत्तरापेक्षा ती खूण जास्त सांगते. ज्यांना वाचता येत नाही किंवा चष्मा नाही अशांसाठी हाच मजकूर शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सुपरवायझरनं मोठ्यानं वाचायचा असतो, म्हणून स्वतःही एकदा मोठ्यानं वाचून बघा, जिथं श्वास पुरत नाही तिथं वाक्य तोडा.

कन्नड आवृत्ती आणि सही

कन्नड मजकूर इंग्रजी धोरणावरनं करून घेऊ नका, नाहीतर तिकडं परत तेच अवघड शब्द येतील आणि दोन भाषांत दोन वेगळे नियम वाचायला मिळतील. साधा मराठी मजकूर आणि एचआरची लेखी उत्तरं दोन्ही समोर ठेवून, मशीनवर कन्नड बोलणाऱ्या माणसाला सोबत घेऊन लिहा. आकडे आणि उदाहरणं दोन्हीकडं एकच ठेवा, म्हणजे दोन दोस्त डबा खाताना कागद शेजारी ठेवून ताडून बघू शकतील. कारखान्यातल्या नोटिसा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावाव्यात असं फॅक्टरी ॲक्टच्या कलम १०८ मध्ये होतंच, आपल्याकडं एका भाषेनं भागत नाही म्हणून दोन्ही.

शेवटचा मजकूर एचआरला सहीसाठी द्या आणि एकच विनंती करा: चूक असेल तर चूक काय ते सांगा, वाक्य तुम्ही बदलू नका. नाहीतर कागद परत येतो तेव्हा "मिळते" चं "अनुज्ञेय" झालेलं असतं. वकील म्हणेल की हा मजकूर म्हणजे धोरण नाही असं लिहा. लिहा, पण तेही साध्या भाषेत: "ही माहिती सोप्या शब्दांत दिली आहे. पूर्ण धोरण टाईम ऑफिसमध्ये वाचायला मिळेल. दोन्हींत फरक वाटला तर टाईम ऑफिसला सांगा." त्याखाली धोरण कुठल्या तारखेपासनं लागू आहे ती तारीख टाका, आणि विचारायला कुणाकडं, कुठल्या वेळेत जायचं ते टाका. दुसऱ्या आणि तिसऱ्या शिफ्टवाल्यांना चालेल अशी वेळ ठेवा, सकाळी १० ते ५ लिहिलंत तर रात्रपाळीवाला कधीच येणार नाही.

अंक वाटला की टाईम ऑफिसमध्ये एक वही ठेवायला सांगा, रजेबद्दल जो प्रश्न येईल तो विचारणाऱ्याच्या शब्दांत लिहायचा, नाव लिहायचं नाही. तोच प्रश्न दोन-तीन वेगवेगळ्या खात्यांतनं आला तर मजकुरातली ती ओळ परत लिहा आणि पुढच्या अंकात दुरुस्त करून छापा, गेटवरच्या बोर्डावरचा जुना कागद मात्र त्याच दिवशी काढून टाका.